सहा महिने फॅमिट्रॅकर: १८० च्या लयीत अडकलेला आर्पेजिओ

पंचवटीतला एक मित्र जुन्या निन्टेन्डोच्या धाटणीचा गेम बनवतोय. शेवटच्या लढाईचं संगीत त्याने माझ्या गळ्यात मारलं, कारण मी ढोल पथकात ताशा वाजवतो. फॅमिट्रॅकर हे त्याच निन्टेन्डोच्या आवाजात संगीत रचायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि ओळीओळीने आकडे भरायची सवय आठवड्याभरात होते.

पहिल्या स्क्वेअर, म्हणजे चौकोनी लाटेच्या चॅनलवर लीड, म्हणजे मुख्य चाल ठेवली. V01 म्हणजे २५ टक्के ड्युटी, लाट तेवढाच वेळ वर राहते. चाल वर चढते तिथे V00 लावलं की आवाज बारीक, टोकदार होतो. V03 मध्ये काही वेगळं सापडेल म्हणून एक संध्याकाळ घालवली. ७५ टक्के म्हणजे २५ चीच उलटी लाट, कानाला तीच.

खरी मारामारी दुसऱ्या स्क्वेअरवर झाली. एका चॅनलवर एका वेळी एकच सूर वाजतो, म्हणून कॉर्डचे तीन सूर भराभर फिरवायचे, हाच आर्पेजिओ. मायनर कॉर्डसाठी इन्स्ट्रुमेंटमध्ये मी हे भरलं, आकडा म्हणजे मूळ सुरापासून किती अर्धे सूर वर:

```
| 0 3 7
```

दर फ्रेमला एक सूर, सेकंदाला ६० फ्रेम. टेम्पो १५० आणि स्पीड ६ असताना एक ओळ सहा फ्रेमची, म्हणजे दोन फेऱ्या बरोबर बसतात. पण मित्राला पळती लय हवी होती. १६५ करून पाहिलं तर काही ओळी पाच फ्रेमच्या, काही सहाच्या झाल्या आणि सगळं ताशाची काडी निसटल्यासारखं वाजू लागलं. मग टेम्पो १५० वरच ठेवून स्पीड ५ केला. लय १८० झाली, पण कॉर्ड फिकी पडली. दर ओळीला नवा सूर लिहिला की आर्पेजिओ पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे पाच फ्रेममध्ये ०, ३, ७, ०, ३ वाजून तो तुटतो. पंचमाला पाचातली एकच फ्रेम.

उपाय सापडला तो ताशाच्या हिशेबात. तीन ओळी म्हणजे १५ फ्रेम, पाच फेऱ्या पूर्ण! म्हणून सूर एकदाच लिहून पुढच्या दोन ओळी रिकाम्या सोडल्या, आणि सोळा ओळींचा पॅटर्न ३-३-२, ३-३-२ असा बांधला. दोन ओळींच्या तुकड्यात एक फ्रेम उरते, ती ऐकू येत नाही. शिवाय लढाईला हवा तो रेटा आयताच मिळाला.

ढोलाची धम्म मात्र खरखरीच्या नॉइज चॅनलमधून निघत नाही. त्रिकोणी लाटेच्या ट्रँगल चॅनलवर सूर दोन-तीन फ्रेममध्ये झपकन खाली पाडला की थोडी जवळ जाते, पण बासही तिथेच असल्याने तेवढा वेळ तो थांबतो. ट्रँगलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एक तर चालू नाहीतर बंद.

गेममध्ये बसवल्यावर अजून एक गोष्ट कळली. तलवारीचा आवाज त्याच दुसऱ्या स्क्वेअरवर येतो, त्यामुळे प्रत्येक वाराला माझा आर्पेजिओ गायब. लीड तिथे नव्हती हे नशीब. आता मित्राला तलवारीचा आवाज दहा फ्रेमच्या आत आटपायला सांगितलंय. तो म्हणतो, मग ती सुरी वाटते.