उन्हाच्या पत्रकातला आलेख: तुझा मसुदा आणि साधा आलेख, शेजारी-शेजारी

उन्हापासून सावध करणाऱ्या आपल्या पत्रकासाठी तू केलेला आलेख काल संध्याकाळी उघडला. त्याच आकड्यांवरून मी एक साधा आलेख काढला, दोन्ही कागदावर छापले आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. यातला कुठला छापायचा हे तू ठरवायचं आहेस. मला कुठे काय दिसलं आणि वाचणारा कुठे अडखळेल, ते लिहिते आहे.

आकड्यांची निवड तू चांगली केली आहेस. नागपूर, मुंबई, पुणे आणि महाबळेश्वर यांचं महिनावार कमाल तापमान घेताना एका वर्षाचे आकडे न घेता हवामान खात्याची दीर्घकालीन सरासरी घेतलीस. एकाच वर्षाचे आकडे असते तर एखाद्या अवकाळी पावसाने एप्रिल खाली ओढला असता. या आकड्यांमध्ये सांगण्यासारखं खूप आहे. नागपूरची सरासरी मे महिन्यात ४२ च्या पुढे जाते आणि पाऊस लागला की जुलैपर्यंत ३१-३२ वर येते, म्हणजे दोन महिन्यांत जवळजवळ ११ अंशांची उतरण. डिसेंबरात तर नागपूरची दुपार मुंबईच्या दुपारपेक्षा थंड असते. पत्रक वाचणाऱ्या आपल्या माणसाला नवतपा अंगावरून गेलेला असतो, त्यामुळे नागपूरचा मे किती तापतो हे त्याला ठाऊक असतं. पण ती उतरण इतकी उभी आहे आणि डिसेंबरात नागपूर मुंबईच्या खाली जातं, हे फार थोड्यांनी आकड्यांत पाहिलेलं असतं. म्हणून दोन्ही आलेखांना मी एकच प्रश्न विचारला: ही उतरण आणि ते डिसेंबर दिसतं का?

तुझ्या मसुद्यात त्रिमितीय खांब आहेत. १२ महिने आणि ४ शहरं मिळून ४८ खांब, प्रत्येकाला फिकटापासून गडदपर्यंत जाणारी छटा, मागे सावली आणि त्याही मागे सूर्याचा फोटो. मे महिन्यातल्या नागपूरच्या खांबाच्या टोकावर पट्टी आडवी धरून डावीकडच्या अक्षावर आकडा वाचून पाहा. मला तो ४० च्याही खाली आला. खांबावर लिहिलेला आकडा मात्र ४२ च्या वरचा आहे. चूक तुझी नाही, त्रिमितीय रचनेचीच आहे. ग्रिडच्या रेषा मागच्या भिंतीवर असतात, खांब भिंतीपासून पुढे उभा असतो आणि आपण थोडं वरून पाहत असतो, म्हणून पुढच्या खांबाचं टोक भिंतीवरच्या खालच्या रेषेशी जुळतं. आकडा नीट वाचायचा तर खांबावर लिहावाच लागतो. ४८ आकडे दोन-दोन दशांशांसकट लिहिले की आलेखाऐवजी कोष्टकच वाचावं लागतं, आणि तेही वाकड्या ओळींचं.

मग सपाट खांब केले तर? मीही आधी तेच करून पाहिलं, पण तापमानाला खांब शोभत नाही. खांबाची उंची शून्यापासून मोजली जाते आणि डोळा त्या उंचींची तुलना करतो. सेल्सियसमधलं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, उष्णता संपल्याची खूण नव्हे. त्यामुळे ४२ चा खांब ३० च्या खांबाच्या १.४ पट उंच दिसतो, याला काहीच अर्थ नाही. बरं, अक्ष २० पासून सुरू केला तर एक खांब २२ अंशांइतका आणि दुसरा १० अंशांइतका उरतो. वाचणाऱ्याला वाटेल, मे महिना ऑगस्टच्या दुपटीहून जास्त तापतो. रेषेचं तसं नसतं. रेषेवर डोळा बिंदूची जागा पाहतो, त्यामुळे अक्ष २० पासून ४५ पर्यंत ठेवला तरी फसवणूक होत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांवरून दाखवलं होतं की एकाच मापपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो; लांबी, कोन, क्षेत्रफळ यांचा अंदाज त्यापेक्षा कच्चा ठरतो. सावल्या आणि छटांमुळे आपण वाचणाऱ्याला त्या कच्च्या अंदाजाकडेच ढकलतो.

आता रंग. तुझ्याकडे नागपूर लाल, पुणे हिरवं, मुंबई निळी आणि महाबळेश्वर जांभळं आहे. पडद्यावर छान दिसतं. पण हे पत्रक वॉर्डावॉर्डांत जाणार, आणि तिथे त्याच्या पुढच्या प्रती झेरॉक्सवरच निघणार. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तुझ्या आलेखाची काळी-पांढरी झेरॉक्स आणली. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडी रंगात उतरले आहेत. खालच्या रंगसूचीतले चौकोनही तसेच, त्यामुळे नागपूर कुठलं आणि पुणं कुठलं हे मलाच सांगता येईना. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्या माणसाला तुझा रंगीत कागदही काहीसा असाच दिसेल. ती झेरॉक्स तुझ्या टेबलावर ठेवली आहे.

साध्या आलेखात मी नागपूरला गडद नारिंगी, जाड रेषा दिली आणि बाकी शहरांना राखाडी. रंगसूची काढून टाकली आणि प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाला शहराचं नाव लिहिलं. नजर आधी नागपूरवर जाते आणि मेपासूनची उतरण एका झटक्यात दिसते. पण इथे मला अडचणही आली. पुणे आणि मुंबई एकमेकांना छेदतात. मार्च ते मे पुणं वर असतं, पावसाळ्यात मुंबईच्या खाली जातं. दोन्ही एकाच राखाडीत काढल्या तर छेदल्यानंतर कुठली रेषा कुठली, तेच कळत नाही. म्हणून मुंबई गडद राखाडी अखंड ठेवली आणि पुणं तुटक रेषेने काढलं. तेव्हा कुठे एक गोष्ट दिसली, जी मला तुझ्या मसुद्यात दिसलीच नव्हती: पुण्याचा कळस एप्रिलमध्ये आहे, नागपूरचा मेमध्ये. खांबांच्या गर्दीत हा एका महिन्याचा फरक लपून गेला होता.

महाबळेश्वर मी काढून टाकलं आहे. पावसाळ्यात तिथली कमाल २० च्या आसपास रेंगाळते, त्यामुळे अक्ष १५ पर्यंत खाली न्यावा लागतो आणि बाकी तिन्ही रेषा वरच्या भागात दाटतात. थंड हवेच्या ठिकाणाशी तुलना करून पत्रकाला काही मिळतही नाही. तुला ते हवंच असेल तर तीन छोट्या चौकटी कर. प्रत्येक चौकटीत नागपूरची नारिंगी रेषा आणि एक दुसरं शहर, तिन्हींना एकच अक्ष. त्याला मात्र पानाची पूर्ण रुंदी लागेल आणि आपल्याकडे अर्धं पान आहे.

ग्रिडच्या रेषांबद्दल थोडक्यात. तू दर अंशाला एक रेषा ठेवली आहेस. ० ते ४५ मिळून ४६ आडव्या, त्यात महिन्यांच्या उभ्या, आणि सगळ्या जवळजवळ काळ्या. कागद हातभर लांब धर आणि डोळे किंचित मिटून बघ. आधी जाळी दिसते, खांब नंतर. मी दर ५ अंशांना एक अशा ६ फिकट रेषा ठेवल्या, उभ्या सगळ्या काढल्या. आडव्यासुद्धा काढून पाहिल्या होत्या, पण डिसेंबरात नागपूर मुंबईच्या किती खाली आहे याचा अंदाज येईना, म्हणून परत घेतल्या. आकडे फक्त तीन ठिकाणी लिहिले: नागपूरचा मे, नागपूरचा जुलै आणि डिसेंबरात दोन्ही शहरांचे. तेही एका दशांशापर्यंत. बाकीचे आकडे ज्याला हवेत त्याच्यासाठी पत्रकाच्या मागच्या पानावर कोष्टक देता येईल.

यापुढचं नीट वाच, कारण हा सजावटीचा प्रश्न नाही. तू ४५ वर ठळक लाल रेषा मारून तिला 'उष्णतेची लाट' असं नाव दिलं आहेस. हवामान खात्याच्या निकषात ४५ आहे खरं, पण तो त्या-त्या दिवसाच्या कमाल तापमानाला लागतो. मैदानी भागात कमाल ४० किंवा वर असावं आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावं, किंवा थेट ४५ गाठावं, तेव्हा लाटेचा विचार होतो. तुझा आलेख मात्र अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे. सरासरीत ४६ चा दिवस आणि वळिवाने थंड झालेला दिवस एकत्र मिसळतात, त्यामुळे नागपूरचा मे महिना तुझ्या लाल रेषेच्या खालीच राहतो. वाचणारा काय समजेल? की नागपुरात लाट येतच नाही. सावधगिरीच्या पत्रकात हे फार धोक्याचं आहे. कुठलाही आलेख निवड, ही रेषा काढ. निकष सांगायचा असेल तर आलेखाखाली एका वाक्यात सांग.

तुझा मसुदा कुठे सरस आहे तेही सांगते. दाराशी लावायच्या फलकावर, जिथे माणूस चालता-चालता बघतो, तिथे तुझा सूर्य आणि ते भडक रंग लक्ष वेधतील. मग फलकावर आलेख नकोच. तो सूर्य, त्याखाली मोठ्या अक्षरात एक आकडा, आणि दुपारी १२ ते ३ सावलीत राहण्याची सूचना, एवढंच घे. सभागृहात पडद्यावर दाखवताना माझ्या आलेखातही बदल करावा लागेल. फिकट ग्रिड प्रोजेक्टरवर उडून जाते, तिथे तिला थोडं गडद कर आणि रेषा दीडपट जाड ठेव. छापील पत्रकासाठी मात्र माझं मत साध्या आलेखाला आहे. त्याचं कारण त्या झेरॉक्समध्ये आहे.

तुझ्याच एक्सेल फाइलमध्ये हे अर्ध्या तासात होईल. आलेखावर क्लिक करून `Change Chart Type` मध्ये `Line` निवड. छटा, सावल्या आणि तिसरी मिती बहुतेक तिथेच जातील, उरलं तर हाताने काढ. महाबळेश्वरची रेषा निवडून `Delete` दाब. मग उभ्या अक्षावर उजवं क्लिक करून `Format Axis` मध्ये `Minimum` २०, `Maximum` ४५ आणि `Major` ५ कर. शहराच्या नावासाठी रेषेच्या शेवटच्या बिंदूवर दोनदा सावकाश क्लिक कर, म्हणजे फक्त तोच निवडला जाईल; मग `Add Data Label` घे, त्या लेबलवर उजवं क्लिक करून `Format Data Label` मध्ये `Series Name` निवड आणि जिथे आकडा नको तिथे `Value` ची खूण काढ. डिसेंबरात पुणं आणि नागपूर जवळजवळ येतात, त्यामुळे ती दोन नावं एकमेकांवर चढतील. एक थोडं वर आणि एक थोडं खाली हाताने सरकव.

आलेखाचं शीर्षक तू 'चार शहरांच्या तापमानाचा तुलनात्मक आलेख' असं दिलं आहेस. त्याऐवजी 'मेपासून जुलैपर्यंत नागपूरचा पारा सुमारे ११ अंशांनी उतरतो' असं लिहून बघ. झालं की आधी काळी-पांढरी प्रत काढ, आणि ज्याने हा आलेख आधी पाहिलेला नाही अशा कुणालातरी नागपूर कुठलं ते विचार. त्याने बोट बरोबर रेषेवर ठेवलं की फाइल छपाईला पाठव, मला परत दाखवायची गरज नाही.