रद्दीचा दर: गोदामवाला की गल्लीतला दुकानदार?

छोट्या ऑफिसात रद्दी साठली की दोन पर्याय समोर येतात. टेम्पो पाठवणारा मोठा गोदामवाला किंवा चार इमारती पलीकडचा रद्दीवाला. मी पुण्यातलं वीसेक माणसांचं ऑफिस सांभाळतो. दोघांनाही माल देऊन झाला आहे.

फोनवर विचाराल तर गोदामवाला सरळ जिंकतो. परवा त्याने वर्तमानपत्राला किलोला 15 आणि पुठ्ठ्याला 9 रुपये सांगितले. गल्लीतल्या काकांचा दर 13 आणि 8. शिवाय गोदामवाला पावती छापील देतो, पैसे खात्यात जमा करतो. हिशेबनिसाला दुसरं काय हवं?

माझं बिनसलं ते कडत्यावर. दर ठरवताना या शब्दाचा कोणी उच्चारही करत नाही. माल काट्यावर चढला की मात्र सुतळी, ओल, चिकटपट्टी अशी कारणं निघतात आणि शंभर किलोचे नव्वद होतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा थोडा कडता मीही समजू शकतो. पण एप्रिलच्या उन्हात, कपाटातून काढलेल्या कोरड्या गठ्ठ्यांवर? वर टेम्पोची हमाली आपल्याच माथी. 60 किलो रद्दी आणि 40 किलो पुठ्ठा धरा. गोदामाच्या दराने 1260 रुपये व्हायला हवेत. दहा टक्के कडत्याने ते 1134 होतात आणि शंभर रुपये हमाली गेली की हातात 1034 पडतात. काकांचा कमी दर, कडता शून्य: 1100.

तरी गोदामाचा भाव फुकट जात नाही, घासाघीस करायला तो कामी येतो. काकांच्या दुकानावर आता त्यांचा मुलगा बसतो, त्यामुळे ईमेल चालतं. मी पाठवलेलं असं होतं:

"नमस्कार काका,

या वेळी अंदाजे 60 किलो वर्तमानपत्रं आणि 40 किलो पुठ्ठा आहे. वर्तमानपत्रं घडी न मोडता, सुतळीने बांधून वेगळी ठेवली आहेत. रंगीत मासिकं आणि ऑफिसचे पांढरे कागद त्यात मिसळलेले नाहीत. खोकी चपटी केली आहेत, चिकटपट्टी काढली आहे. बारा-पंधरा चांगली खोकी न मोडता बाजूला ठेवली आहेत, ती तुम्ही नगावर घ्यावीत.

बाहेर 15 आणि 9 चा भाव मिळतोय, पण तिथे कडता कापतात. तुम्ही कापत नाही, म्हणून तेवढं मागत नाही. वर्तमानपत्राला 14 आणि पुठ्ठ्याला साडेआठ करा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माल तयार राहील. वजन आमच्यासमोर करावं, पावतीवर दोन्ही मालांचं वजन वेगळं लिहावं. जमत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा."

या पत्रात दराइतकीच वर्गवारी महत्त्वाची आहे. मिसळलेल्या ढिगाला त्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा भाव लागतो. घडी शाबूत असलेलं वर्तमानपत्र फळवाले, काचसामानवाले बांधणीसाठी घेतात. चुरगळलेलं थेट लगद्याला जातं. खोक्यांचंही तेच. धड खोकं दुकानदार नगावर पुढे विकतो, त्यामुळे ते चिरडून किलोवर देणं म्हणजे आपलाच तोटा. हे रद्दीवाल्याला ठाऊक असतंच. आपल्यालाही ठाऊक आहे, एवढं त्याला दिसलं तरी बोलणं बदलतं.

उत्तर आलं: "14 चालेल, पुठ्ठ्याला सव्वाआठ." मी ताणलं नाही. 60 किलोचे 840, 40 किलोचे 330, एकूण 1170. खोक्यांचे वेगळे.

काट्याबद्दल मात्र दोघांकडेही सावध राहा. काट्यावर वैधमापन विभागाची चालू मुद्रा आहे का ते बघावं. माझा सोपा उपाय असा: 75 जीएसएमच्या ए-फोर कागदाची न उघडलेली पाच रिम काट्यावर ठेवायची. एक रिम साधारण दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅमचं, म्हणजे पाचांचं वजन वेष्टनासकट बारा किलोच्या जरा खाली यायला हवं. काटा अकरा दाखवत असेल तर बोलणी तिथेच थांबवावीत. काकांचा मुलगा पहिल्यांदा हसला, पण काटा बरोबर निघाला. गोदामाच्या माणसाने "घाई आहे साहेब" म्हणून रिम ठेवूच दिलं नाही. त्यात काही काळंबेरं असेलच असं नाही, खरंच घाई असेल.

तुमच्याकडे एका खेपेला चार-पाचशे किलो निघत असतील तर गोदाम कदाचित परवडेल, कारण हमाली वाटली जाते. तेव्हाही "15 द्या" लिहिण्यापेक्षा "14 द्या, कडता नको, हमाली तुमची" असं लिहून घ्या. शे-दीडशे किलोसाठी मी तरी गल्ली सोडणार नाही. जूनमध्ये पाऊस लागला की काकाही ओलीचं काढतील, म्हणून पुठ्ठा आत्तापासूनच जमिनीवरून उचलून फळीवर ठेवतोय.