सहा महिने नाक धुतल्यानंतर: बाटली बरी, नळी वाईट

गेल्या आठवड्यात नाक धुण्याच्या बाटलीच्या झाकणाला आतून जोडलेली नळी सहज उजेडासमोर धरली आणि आतल्या बाजूला काळे ठिपके दिसले. बाटली मी रोज विसळून उपडी ठेवत होतो, पण त्या अरुंद नळीत हवा खेळत नाही, त्यामुळे सकाळी पाहावे तर तळाशी दोन थेंब हमखास उरलेले असत. ज्या वस्तूचे पाणी थेट नाकात जाते तिचा हाच भाग नीट वाळू नये, याचा मला अजूनही राग आहे. नुसती नळी वेगळी मिळेल का, असे विक्रेत्याला विचारले, तर दर तीन महिन्यांनी पूर्ण बाटलीच बदलावी असे उत्तर आले.

मुळात त्रास रात्रीचा होता. आडवे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घशाच्या मागच्या भिंतीवर काहीतरी सरकल्यासारखे वाटे, मग खवखव आणि कोरडा खोकला सुरू होई. उठून बसलो की तो थांबे. खोकल्याची औषधे घेऊन झाली. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घसा पाहून सांगितले की मागची भिंत दाणेदार झाली आहे, नाकातला स्राव सतत घशात उतरतो आहे आणि त्यामागे ॲलर्जी आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे, असे दोन उपाय त्यांनी दिले.

पहिल्या महिन्याअखेर मी हा प्रकार निरुपयोगी ठरवून टाकला होता. झोपण्याच्या अगदी आधी नाक धुवायचे, म्हणजे रात्रभर स्वच्छ, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात नाकाच्या पोकळ्यांत अडकलेले पाणी आडवे झाल्यावर घशात उतरे आणि खोकला वाढे. दोष माझ्या वेळेचा होता. आता झोपण्यापूर्वी किमान तासभर आधी धुतो, नंतर कपाळ गुडघ्यांकडे झुकवून मान दोन्ही बाजूंना वळवतो आणि नाकपुड्या न दाबता हलकेच फुंकतो. जोरात शिंकरल्यास पाणी कानाकडे जाऊन दडा बसतो, हेही एकदा अनुभवले आहे.

तयार पुड्या संपल्यावर काटकसर म्हणून अंदाजाने मीठ घातले आणि नाक असे चुरचुरले की डोळ्यांतून पाणी आले. प्रमाण साधे आहे: एक लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 240 मिलिलिटरच्या बाटलीला दोन ग्रॅमहून किंचित जास्त. एवढे थोडे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून मी एक लिटरच बनवतो. त्यात आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालतो. पाणी मात्र किमान एक मिनिट खळखळून उकळलेले आणि कोमट होईपर्यंत निवलेले हवे, कारण नळाच्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास जिवावर बेततो. उरलेले पाणी मी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाही.

तिसऱ्या महिन्यात माझे मत पुन्हा बदलले. दहा दिवस बाहेरगावी होतो आणि बाटली घरीच राहिली होती. स्प्रे तेवढा चालू होता. तरीही खोकला आला नाही. परतल्यावर स्वतःच्या गादीवर पहिल्याच रात्री तो हजर झाला, तेव्हा संशय उशी-गादीतल्या धूळकिड्यांवर गेला आणि ॲलर्जीच्या चाचणीत तो खरा निघाला. तेव्हापासून उशी आणि गादीला घट्ट विणीच्या, चेनने बंद होणाऱ्या खोळी आहेत आणि चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतल्या जातात. नाक धुतल्याने साचलेला स्राव आणि धूळ निघून जाते, पण स्राव तयार होण्याचे कारण गादीतच राहते, हे मला इतक्या उशिरा कळावे याची थोडी लाज वाटते.

स्प्रेचीही एक खोड आहे. तो नाक धुतल्यानंतरच मारायचा असतो, नाहीतर औषधही वाहून जाते. शिवाय टोक मधल्या पडद्याकडे धरले तर रक्त येते. मला आले. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारल्यास टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळते. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला मला जवळपास दोन आठवडे लागले.

आता रात्रीचा खोकला आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, तोही चादर बदलायला उशीर झाला तर. छातीत घरघर, आंबट ढेकर, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा रक्त असे काही असेल, तर ते प्रकरण या बाटलीच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.

नवी बाटली आणली आहे. तिची नळी रोज झाकणातून काढून, झटकून, दोऱ्याला उभी टांगतो, आणि तरीही सकाळी तिच्या तळाशी एक थेंब असतोच.