डी पट्टी खुली आहे: आधी दुहेरी हत्ती की थेट सातवी रांग?

धरमपेठेतल्या बुद्धिबळाच्या सरावात भाचा अडला होता: "मामा, हत्ती आत्ताच सातव्या रांगेत घुसवू, की आधी दुसरा मागे लावू?"

पटावर त्याचे हत्ती डी१ आणि ए१ वर, काळ्याचे ए८ आणि सी८ वर, काळा राजा जी८ वर. इथे मी थेट डी७ म्हणेन. खर्च एकाच चालीचा, आणि बी७ चं प्यादं लगेच माराखाली. काळ्याने उलट सी२ वर हत्ती घुसवला तरी बी७ खुशाल घ्यावं. तिथून आपला हत्ती बी२ ही राखतो. त्यामुळे काळ्याला बहुधा बी८ वर हत्ती बांधून ठेवावा लागतो.

आता राजा ई७ वर आणि काळा हत्ती आधीच बी८ वर ठेवा. एकटा हत्ती डी७ वर गेला तर राजा तो फुकट खातो! इथे डी२, मग ए१ चा हत्ती डी१. दोन चाली जातात, पण मग डी७ चा शह आधारासह बसतो. उणीव एवढीच की तेवढ्यात काळा डी८ वर हत्ती आणून अदलाबदल मागू शकतो.

राजा दूर आणि प्यादं उघडं असेल तर घुसा. राजा प्रवेशाचं घर राखत असेल तर आधी जोडी लावा.