फोटोतला माणूस बदलायचा तर मास्क कशातून काढावा: डेप्थ मॅप, पोर्ट्रेट मॅट की हाताने?

दोन फोटो आहेत, एकाच जागेवरून लागोपाठ पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेले. पुढे बहीण, तिच्या खांद्यामागे अर्धवट झाकलेला भाऊ, मागे भिंत. पहिल्या फोटोत भाऊ छान आला आहे, पण बहिणीचे डोळे मिटलेत. दुसऱ्यात ती हसते आहे आणि भाऊ भलतीकडे बघतो आहे. दुसऱ्यातली बहीण पहिल्यात आणायची, तर तिचा मास्क हवा, म्हणजे फोटोतला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता लपवायचा हे सांगणारा साचा. आयफोनच्या एचईआयसी फाइलमध्ये त्यासाठीचा कच्चा माल बऱ्याचदा आधीच पडलेला असतो. त्यातला कोणता भाग कुठे वापरायचा, यावर पुढचं सगळं ठरतं.

एचईआयसी हा खरं तर एक डबा आहे. मुख्य फोटोबरोबर त्यात जोडचित्रं ठेवता येतात. २०१७ मध्ये आयओएस ११ पासून फोनने काढलेला डेप्थ मॅप, म्हणजे काय किती दूर आहे हे छटांनी दाखवणारं चित्र, त्यात येऊ लागला, आणि पुढच्या वर्षी आयओएस १२ ने पोर्ट्रेट मॅट आणली. मॅट म्हणजे माणूस पांढरा आणि बाकी सगळं काळं असं करड्या छटांचं चित्र. संगणकावर लिबहाइफ या एचईआयसी उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची साधनं असतील तर आत काय आहे ते लगेच कळतं:

```
heif-info IMG_2041.HEIC
heif-convert --with-aux IMG_2041.HEIC photo.png
```

दुसरी आज्ञा फोटोबरोबर जोडचित्रंही वेगळ्या फाइलींत काढून देते. एखादं चित्र आडवं आलं तर आधी फिरवून घ्या. काहीच निघालं नाही, तर बहुधा फाइल मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेली असते. तिथे तिची जेपीजी होते आणि जोडचित्रं गळतात. फोनमधून मूळ फाइल जशीच्या तशी घ्या. त्यात आणखी एक फायदा आहे: मूळ फोटोत मागचा भाग धूसर केलेला नसतो. धूसर झालेल्या प्रतीतून माणूस कापला, तर केसांच्या टोकांभोवती तो धूसरपणा चिकटून येतो.

डेप्थ मॅप: कोण पुढे, कोण मागे

मागच्या कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल फोटोची मापं ४०३२×३०२४, तर त्यातला डेप्थ मॅप बहुतेकदा ७६८×५७६ चा. म्हणजे त्याचा एक ठिपका फोटोतल्या पाचाहून जास्त पिक्सेल रुंद. केसांची बट, बोटांमधली फट, चष्म्याची काडी यातलं काहीही त्यात नीट उतरत नाही. पाऊल आणि जमीन यांचं अंतर तर सारखंच असतं, म्हणून पाय जमिनीत विरघळल्यासारखे दिसतात. नुसत्या डेप्थ मॅपवरून कापलेला माणूस कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो, त्याचं कारण हेच.

तरीही त्याच्याकडे असं काही आहे जे मॅटकडे नाही: माणसामाणसातला फरक. त्यात सहसा अंतराचा व्यस्तांक साठवलेला असतो. बहीण १.५ मीटरवर असेल तर ०.६७, भाऊ २ मीटरवर ०.५, भिंत ४ मीटरवर ०.२५. दोन लेन्सच्या फोनमध्ये या संख्या खऱ्या मीटरशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, पण क्रम बरोबर असतो आणि आपल्याला तेवढंच पुरतं. भिंतीला ० आणि बहिणीला २५५ धरून ताणलं, तर भाऊ १५३ च्या आसपास येतो. एवढं अंतर भरपूर आहे. मात्र दोघं ३ आणि ३.५ मीटरवर उभे असतील, तर तोच अर्धा मीटर व्यस्तांकात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. आणि खांद्याला खांदा लावून एकाच रेषेत उभे असतील, तर डेप्थ मॅप हातात घेऊच नका.

पोर्ट्रेट मॅट: कडा उत्तम, ओळख शून्य

मॅटची लांबी-रुंदी फोटोच्या निम्मी असते, म्हणजे आपल्या उदाहरणात २०१६×१५१२. केसांशी ती हळूहळू करडी होत जाते, आणि तो करडेपणाच मोलाचा आहे. तिला कधीही उंबरठा लावून निव्वळ काळी-पांढरी करू नका. पाऊलही ती जमिनीपासून वेगळं काढते. अडचण एकच, पण मोठी: तिला सगळी माणसं एकच. बहिणीचा खांदा कुठे संपतो आणि भावाचा सदरा कुठे सुरू होतो, याची तिच्यात रेघसुद्धा नसते.

दोन्ही जोडताना

सहज सुचतं ते असं: डेप्थ मॅपमधला जवळचा भाग निवडावा आणि मॅटशी गुणावा. हे करू नका. बहिणीचे मोकळे केस जिथे भिंतीवर येतात, तिथे डेप्थ मॅप भिंतीचंच अंतर दाखवतो. गुणाकारात ते केस छाटले जातात आणि मॅटची सगळी नजाकत वाया जाते.

उलट बाजूने जा. मॅट तशीच ठेवा आणि तिच्यातून भाऊ वजा करा. डेप्थ मॅप फोटोच्या मापाला ताणून घ्या, १३० ते १८० मधल्या छटा निवडा. हा भावाचा पट्टा. यात एक पाहुणा येतो: बहिणीच्या कडेशी डेप्थ २५५ वरून ० वर उतरताना याच छटांमधून जातो, म्हणून तिच्याभोवतीही एक बारीक कडं निवडलं जातं. निवड १२-१५ पिक्सेल आत घ्या आणि तेवढीच पुन्हा बाहेर काढा. बारीक कडं नाहीसं होतं, भावाचा जाड भाग टिकतो. तो मॅटमधून वजा करा. भावाच्या केसांची काही टोकं दूर कुठेतरी उरतील, ती ब्रशने पुसा.

आता जिथे दोघं एकमेकांना टेकले आहेत, तेवढीच रेघ खरबरीत राहते. तिथे दोन्ही साधनं हात टेकतात. शंभर टक्के झूम करा आणि खांद्याची ती कड पेन टूलने स्वतः ओढा. ती बहुतेकदा वीतभरही नसते.

मग हाताने मास्क कधी?

आपल्या उदाहरणात, म्हणजे जागा, उजेड आणि भिंत दोन्ही फोटोंत तीच असताना, मला हाताने केलेला सैल मास्कच सर्वांत चांगला वाटतो. दोन्ही लेयर आधी भिंतीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवा. मग मास्कची कड बहिणीच्या केसांवरून न नेता, तिच्यापासून दूर, मोकळ्या भिंतीवरून मऊ ब्रशने न्या. तिच्यासोबत तिच्यामागची भिंतही येते, आणि ती खालच्या भिंतीशी मिळून जाते. केस कापायची गरजच पडत नाही.

यात दुसरा प्रश्नही सुटतो. पहिल्या फोटोत बहिणीची मान डावीकडे कललेली असेल आणि नवी बहीण सरळ बसलेली असेल, तर घट्ट कापलेल्या नव्या बहिणीमागून जुन्या बहिणीचा कान डोकावतो. सैल मास्क त्या कानावर भिंत टाकतो. पण त्यासाठी मास्कमध्ये जुनी आणि नवी अशी दोन्ही शरीरं मावायला हवीत. हे तपासायला पहिल्या फोटोची मॅट वरून अर्धपारदर्शक ठेवून बघा. मास्कबाहेर तिचा पांढरा भाग दिसला की तिथे दुसरा कान उगवणार. अडचण उरते ती भावाच्या बाजूची: जुनी बहीण जिथे त्याला झाकत होती आणि नवी झाकत नाही, तिथला भाऊ पहिल्या फोटोत नाहीच. तेवढा सदरा दुसऱ्या फोटोतूनच घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी बदलत असेल, म्हणजे बहिणीला वेगळ्याच जागेच्या फोटोत न्यायचं असेल, तर सैल मास्क निरुपयोगी. तिथे मॅटवाचून गत्यंतर नाही, आणि शेजारी कोणी असेल तर वर सांगितलेली वजाबाकी. शेवटी केसांच्या करड्या भागात जुन्या भिंतीचा रंग उतरलेला असतो, तो काढावाच लागतो: मास्कला हात न लावता, तेवढ्या पट्ट्यात बहिणीच्याच केसांचा रंग मऊ ब्रशने भरा. झालं की लेयर एकदा निव्वळ काळ्यावर आणि एकदा निव्वळ पांढऱ्यावर ठेवून बघा. काळ्यावर उजळ कड दिसली तर भिंत अजून चिकटलेली आहे. पांढऱ्यावर केसांची टोकं अचानक संपलेली दिसली तर मॅट कुठेतरी उंबरठ्याने कापली गेली आहे.