तिरकी रेघ, शीट की क्लासरूम : परीक्षेच्या महिन्यात तपासायची बाकी कशी मोजावी

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत नागपुरातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकावा, टेबलांवर गठ्ठेच गठ्ठे दिसतील. बारावीची लेखी सुरू असते म्हणून सुपरव्हिजन, मग बोर्डाचे पेपर तपासायला, आणि मधल्या फटींमध्ये अकरावीची जर्नल्स, वर्कशीट्स, चाचणीचे पेपर. सलग तासभर बसून तपासणे या दिवसांत होतच नाही. आज बारा जर्नल्स, मग तीन दिवस काही नाही, मग सात. त्यामुळे 'किती राहिली?' याचे उत्तर डोक्यात राहत नाही, ते कुठेतरी लिहूनच ठेवावे लागते.

मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते, दोन तुकड्या. गेल्या काही वर्षांत तीन पद्धती वापरून पाहिल्या: कागदी हजेरीपट, गूगल शीट आणि गूगल क्लासरूमचे स्वतःचे आकडे. तुम्ही यातली एक निवडायच्या विचारात असाल तर सोय-गैरसोय बाजूला ठेवून आधी एकच तपासा: ही पद्धत 'बाकी' या शब्दाचे तुकडे पाडते का? कारण बाकी तीन जातींची असते. मुलाने दिलेच नाही, ही त्याची बाकी. दिले पण मी तपासले नाही, ही माझी. आणि मी पाहून दुरुस्तीसाठी परत दिले, ते पुन्हा त्याच्याकडे गेले. तिन्ही एकाच रिकाम्या चौकटीत बसल्या की घोटाळा सुरू होतो.

बहुतेक जण काय करतात? हजेरीपटावर तपासून झाले की बरोबरची खूण. मीही तेच करत होते. एका वर्षी अ तुकडीत ६० मुले होती. ३ मार्चला पट पाहिला तर २२ खुणा, ३८ चौकटी रिकाम्या. अडतीस जर्नल्स तपासायची म्हणून मी हबकले. प्रत्यक्षात त्यांतल्या १३ जणांनी जर्नल दिलेलेच नव्हते आणि ६ दुरुस्तीला परत गेली होती. माझ्या वाट्याला १९ होती, म्हणजे निम्मी. उलट, ज्या तेरांच्या मागे लागायला हवे होते त्यांना मी पंधरा दिवस एक शब्द विचारला नव्हता, कारण पटावर ते आणि माझा गठ्ठा सारखेच दिसत होते.

त्यानंतर पट तोच ठेवला, खूण बदलली. जर्नल हातात आले की त्या हजेरी क्रमांकासमोर निळी तिरकी रेघ. तपासून गुण लिहून झाले की त्याच रेघेवर लाल पेनने दुसरी, म्हणजे फुली. दुरुस्तीला परत दिले तर रेघेभोवती गोल, आणि ते पुन्हा आले की गोलाशेजारी नवी रेघ. आता पट स्वतःच बोलतो. रिकामी चौकट म्हणजे मुलाकडे, एकटी रेघ म्हणजे माझ्याकडे, एकटा गोल म्हणजे पुन्हा मुलाकडे, फुली म्हणजे संपले. एकट्या रेघा मोजा, टेबलावरचा गठ्ठा मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

या पद्धतीची खरी ताकद या जुळणीतच आहे. पुढच्याच वर्षी एकदा रेघा निघाल्या १९ आणि गठ्ठ्यात जर्नल्स १८. साध्या खुणेच्या पद्धतीत हे कधीच कळले नसते. एप्रिलमध्ये मुलगी म्हणाली असती की दिले होते, आणि मी म्हटले असते की मिळाले नाही. इथे निळी रेघ साक्षीला होती, जर्नल माझ्या हातात आले होते. शोधल्यावर ते ब तुकडीच्या गठ्ठ्यात निघाले. दुरुस्तीच्या गडबडीत दोन्ही गठ्ठे एकाच पिशवीतून घरी गेले होते, परतताना एक जर्नल चुकीच्या बाजूला बसले.

म्हणून दोन नियम मी मोडत नाही. रेघ ओढायची ती जर्नल हातात आल्यावरच, वर्गप्रतिनिधीने दिलेल्या यादीवरून नाही. आणि प्रत्येक गठ्ठ्यावर रबरबँडखाली एक चिठ्ठी: तुकडी, संख्या, आल्याची तारीख. परीक्षेच्या महिन्यात गठ्ठे खूप फिरतात. वर्ग परीक्षेला गेले की कपाटे रिकामी करावी लागतात, प्रयोगशाळेत बैठक व्यवस्था होते. आमच्या लॅबचे काका मग दारात येऊन सांगतात, "मॅडम, तुमचा एक गठ्ठा लॅबमंदी पडून हाय." चिठ्ठीवर 'ब – १४' लिहिलेले असले की तो कुणाचा आणि पूर्ण आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळते.

पटाची कमजोरी एकच, पण ती मोठी. कोणते जर्नल किती दिवस पडून आहे हे तो सांगत नाही. बारा दिवसांपूर्वीची रेघ आणि कालची रेघ सारखीच निळी. चिठ्ठीवरची तारीख थोडी मदत करते, पण गठ्ठा फोडला की तीही गेली. आणि पट एकच असतो, म्हणून रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढते.

शीटची गंमत नेमकी इथे आहे. त्यात एका कामाला एक ओळ: A मध्ये तुकडी, B मध्ये हजेरी क्रमांक, C मध्ये काम, D मध्ये जमा झाल्याची तारीख, E मध्ये तपासल्याची, F मध्ये शेरा. माझी बाकी म्हणजे D भरलेला आणि E रिकामा अशा ओळी:

```
=COUNTIFS(D2:D500,"<>",E2:E500,"")
```

आणि G मध्ये प्रत्येक ओळीचे वय:

```
=IF(AND(D2<>"",E2=""),TODAY()-D2,)
```

दुरुस्तीला परत दिले तर D मधली तारीख पुसायची आणि F मध्ये 'दुरुस्ती' लिहायचे, म्हणजे ते काम तुमच्या बाकीतून आपोआप निघते. G वरून उतरत्या क्रमाने लावले की सर्वांत जुने काम वर. सुपरव्हिजनआधी वीस मिनिटे मिळाली तर काय उचलायचे हा प्रश्नच उरत नाही.

पण शीट जिथे फसते तिथे गुपचूप फसते. पहिल्यांदा G मध्ये १२ ऐवजी १९०० सालातली तारीख दिसू शकते. घाबरू नका, स्तंभाचे स्वरूप संख्या करा. दुसरे जास्त वाईट. फाइलचा Locale अमेरिकेचा असेल तर तुम्ही ३ फेब्रुवारीसाठी टाकलेले 3/2 हे २ मार्च म्हणून नोंदले जाते आणि २० फेब्रुवारीसाठीचे 20/2 तारीखच मानले जात नाही, ते नुसता मजकूर होऊन चौकटीत डावीकडे चिकटते आणि G मध्ये #VALUE! येते. ती चूक निदान दिसते. 3/2 ची दिसत नाही, फक्त वय उणे येते किंवा महिनाभराने चुकते. File मधल्या Settings मध्ये जाऊन Locale भारत करा, हे सगळ्यात आधी. तिसरे म्हणजे E मध्ये चुकून एक स्पेस पडली तर ती चौकट रिकामी धरली जात नाही आणि एक जर्नल न तपासताच बाकीतून नाहीसे होते. म्हणून शीट वापरली तरी गठ्ठा हाताने मोजणे सुटत नाही.

वेळेचेही बोलायला हवे. साठ जर्नल्स घेताना पटावर रेघा ओढायला मला पाचेक मिनिटे लागतात, मुले रांगेत उभी असतानाच काम होते. तेच फोनवर शीटमध्ये करायला गेले की रांग बाहेर व्हरांड्यात जाते. संगणकावर Ctrl+; दाबले की आजची तारीख पडते, पण संगणक रांगेजवळ नसतो. माझ्या एका सहकाऱ्याने शीट मोठ्या हौसेने केली आणि आठवड्यात सोडली. मी विचारले तर म्हणाले, "भरणार कोण, बाप्पा?" सर आळशी नाहीत, त्यांच्याकडे एकच तुकडी आहे. एका तुकडीला शीट म्हणजे मुंगीला पालखी.

आता क्लासरूम. वर्कशीट्स तिथेच दिल्या आणि तिथेच जमा झाल्या तर वेगळी नोंद कशाला, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्येक कामावर Turned in, Assigned आणि Graded असे आकडे येतात, म्हणजे 'मुलाकडे' आणि 'माझ्याकडे' हा भेद आयताच मिळतो. तरी दोन ठिकाणी जपा. तुम्ही गुण टाकले पण Return दाबले नाही तर तो मसुदाच राहतो: मुलाला काही दिसत नाही आणि काम Turned in मध्येच मोजले जाते. तपासलेले काम बाकी दिसते, तुम्ही तेच पुन्हा उघडता. उलट, गुण न टाकता Return दाबले तर काम त्या यादीतून बाहेर पडते आणि गुणपत्रकात जागा रिकामी राहते. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात गुण. याशिवाय काही जोडलेच नसताना मुले Mark as done दाबतात आणि तेही Turned in मध्ये येते. उघडल्यावर आत कोरे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणाऱ्यांचे तर मी घेतच नाही, कारण ते कुठल्याच आकड्यात बसत नाहीत.

मग निवड कशी करायची? जर्नल्स, चाचणीचे पेपर, म्हणजे हातात धरता येणारे काम, आणि तुकड्या एक किंवा दोन: तिरक्या रेघेचा पट घ्या, दुसरे काही नको. तीन-चार तुकड्या आणि प्रत्येकीची चार-पाच कामे असतील, किंवा उपप्राचार्य दर शनिवारी आकडा मागत असतील, तर शीट. पण घेताना पटावर रेघ आणि संध्याकाळी बसून शीटमध्ये तारखा, एकदम. क्लासरूममध्ये जन्मलेले काम क्लासरूममध्येच मोजा, ते शीटमध्ये उतरवत बसू नका. दोन ठिकाणी नोंद ठेवली की तिसऱ्या दिवशी आकडे वेगळे होतात आणि मग कोणता खरा हे शोधण्यात रविवार जातो.

माझे सध्याचे असे आहे: जर्नल्स आणि पेपर पटावर, वर्कशीट्स क्लासरूमवर, आणि दर शनिवारी घरी निघण्याआधी पटाच्या शेवटच्या पानावर एक ओळ. परवाची ओळ होती 'अ ११, ब १७, वर्कशीट ९', शेजारी सर्वांत जुन्या चिठ्ठीची तारीख, २४ फेब्रुवारी. तो ब चा गठ्ठा सोमवारी पहिला उघडायचा आहे.