आंब्याच्या हंगामात जादा माणसं: ठेकेदाराकडची की गावातली?

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात हापूसच्या पेट्यांबरोबर आंबापोळी, कोकम, काजू असा सुका मालही घरपोच पाठवणाऱ्या गोदामाचा हा प्रश्न आहे. एरवी तीन माणसांत चालणारं काम अक्षय तृतीयेच्या आसपास अंगावर येतं. ही तिथी दरवर्षी सरकते (२०२४ मध्ये १० मे, २०२५ मध्ये ३० एप्रिल), म्हणून भरती ठरावीक तारखेला नाही, तर तिथीपासून तीन आठवडे मागे मोजून सुरू करावी. माणसं दोन वाटांनी मिळतात: ठेकेदाराकडून पूर्णवेळ गडी, किंवा गावातल्या, बहुतेक बचत गटाच्या ओळखीतून येणाऱ्या बायका. निवड करताना नुसती मजुरी बघू नये, चुकीची पार्सलं किती जातील तेही बघावं.

आधी हिशेब. धरा, गर्दीत दिवसाला ६०० ऑर्डरी आहेत आणि प्रत्येकीत सरासरी तीन वस्तू, म्हणजे चिठ्ठ्यांवर १८०० ओळी. शंभर ओळींत एक चूक हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन ओळींच्या ऑर्डरीत त्याची जवळजवळ तीन टक्के होतात: रोज १८ गिऱ्हाइकांचे फोन. हजारात तीनवर आणलं, तर पाच-सहा उरतात.

आता माणसं. जुन्या तिघांपैकी एकाला फक्त तपासणीवर बसवा. उरलेले दोघे तासाला ५० ओळींच्या वेगाने सात तासांत मिळून ७०० ओळी काढतात. राहिल्या ११००. नवीन माणूस पहिले दोन-तीन दिवस तासाला २५ ओळींपलीकडे जात नाही. आठ तास थांबणारा गडी २०० काढेल, म्हणजे सहा गडी लागतील. घरचं आवरून दहाला येणारी आणि तीनला जाणारी बाई १२५ काढेल, म्हणजे नऊ जणी. पहिल्या दिवशी ठेकेदार स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो तो यामुळेच.

आठवड्याने वेग ४० वर गेला की नवांऐवजी सहा बायका आणि सहांऐवजी चार गडी पुरतात. पण गडी तेच राहिले तर! ठेकेदार संख्या भरून देतो, चेहरे नाही. कालचे दोघे आज दुसऱ्याच्या बागेत पेट्या उचलायला जातात आणि त्यांच्या जागी दोन नवे येतात. वेग पुन्हा २५ वर येतो आणि चुकाही पहिल्या दिवसाच्या होतात. ही अडचण हुशारीची नाही, शिकवलेलं रोज वाया जाण्याची आहे. त्यात बाहेरून आलेल्या गड्याला मराठी छापील लेबल वाचता येईलच असं नाही, आणि आगळ नि सरबत यांतला फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. दोन्ही लालभडक, दोन्ही सारख्याच बाटलीत. सोलकढीसाठी मागवलेल्या खारट आगळाऐवजी साखरेचं सरबत गेलं, तर ते पार्सल परत आलंच म्हणून समजा. गावातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

बायकांच्या बाजूची अडचण वेगळी असते, ती हजेरीची. हीच लग्नसराई, हाच काजूचा हंगाम, आणि शाळेला सुट्टी म्हणून मुलं घरी. नऊ जणी हव्या असतील तर अकरा जणींना शिकवून ठेवा. शिवाय कुरियरची गाडी संध्याकाळी उशिरा निघत असेल, तर तीननंतरच्या ऑर्डरींना या व्यवस्थेत हातच उरत नाही.

माझं मत सरळ आहे: फळीवरून माल काढणं गावातल्या बायकांकडे, आणि पेट्या उचलणं, पेंढा भरणं, गाडी भरणं ठेकेदाराच्या गड्यांकडे. उचलण्याच्या कामात माणूस बदलला तरी चालतं.

कोणीही घेतलं, तरी शिकवणी एकच. पहिले दोन तास फक्त फसवणाऱ्या जोड्या हातात देऊन दाखवा: आगळ-सरबत, आंबापोळी-फणसपोळी, पाव किलो-अर्धा किलो, काजूतले २४० आणि ३२० नंबरचे. काजूचा नंबर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, लेबल वाचावंच लागतं. या जोड्या फळीवर शेजारी ठेवू नका, मध्ये निदान एक कपाट जाऊ द्या. मग खोट्या चिठ्ठ्यांवर ५० ओळी काढायला लावा. एकाहून जास्त चुका झाल्या, तर त्या दिवशी पॅकिंगवर, दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा.

स्कॅनर नसेल तर सगळ्यात कामाची युक्ती ही: प्रत्येक खणावर कोणताही दोन आकडी अंक चिकटवा, पण तो ओळीने नको (शेजारच्या खणांना ४७, १३, ८२ असे). चिठ्ठीवर वस्तूच्या नावाआधी खणाचा पत्ता, म्हणजे कितवं कपाट नि कितवा खण, एवढंच छापा, हा अंक नको, आणि काढणाऱ्याने खणावरचा अंक त्या ओळीसमोर लिहायचा. ती योग्य खणासमोर उभी होती का, हे तपासणाऱ्याला चिठ्ठीवरच कळतं. एक अट आहे: माल भरणाऱ्याने चुकीच्या खणात भरला तर अंक बरोबर येतो आणि वस्तू चुकते. म्हणून खण भरण्याचं काम नवीन माणसाला कधीच देऊ नका.

वजनकाट्यावर फार विसंबू नये. सुक्या मालाच्या खोक्यात एखादी वस्तू राहिली तर काटा पकडतो, पण सारख्या वजनाच्या दोन बाटल्यांची अदलाबदल त्याला दिसत नाही. आंब्याच्या डझनाचं वजन तर फळागणिक हलतं, तिथे काटा निरुपयोगीच. आंब्याची चूक बहुतेक वेळा संख्येची नसून तयारीची असते. दूरच्या गिऱ्हाइकाला कडक फळ हवं आणि हाती येते आज-उद्या पिकणारी पेटी. त्यासाठी अढीच्या तारखेनुसार रंगीत चिठ्ठी लावा आणि ऑर्डरीवर तोच रंग छापा.

तपासणी पहिले दोन दिवस नवीन माणसांच्या प्रत्येक खोक्याची. ११०० ओळींना, तासाला दीडशेच्या हिशेबाने, तपासनिसाचे सात-साडेसात तास जातात, म्हणून त्याला दुसरं काम देऊ नका. दोन दिवसांत एखादीची चूक आली नाही, तर तिच्या पाचांतलं एक खोकं उघडा. पुन्हा चूक आली की परत सगळी. वहीत चुकांची नुसती संख्या न लिहिता प्रकार लिहा: वस्तू चुकली, नग चुकले, ओळ राहिली, की गिऱ्हाइकाचा पत्ता चुकला. नग चुकत असतील तर माणूस थकलाय किंवा चिठ्ठीवरचा आकडा बारीक आहे. पत्ते चुकत असतील तर एका टेबलावर दोन खोकी एकदम उघडी आहेत, माणूस बदलून काही होणार नाही.

नगावर मजुरी देऊ नका. वेग वाढतो, पण चूक सापडली की ती लपवली जाते. चुकीमागे पैसे कापले तरी तेच होतं. रोजंदारी द्या आणि तपासणीत जिच्या चुका कमी, तिला पुढच्या आठवड्याचं काम आधी पक्कं करा.

रात्रीची पाळी टळतच नसेल, तर ठेकेदाराला पर्याय नाही. मग बोलणी करतानाच लिहून घ्या: हीच नावं पंधरा दिवस, बदली माणूस आला तर तो पॅकिंगवरच, आणि शिकवणीच्या दोन तासांची मजुरी तुमच्याकडून. ही शेवटची अट ठेकेदाराला आवडते, आणि पहिल्या दोन तो त्याच्याच बदल्यात मान्य करतो.